शाईचे तीन थर आणि एक चेहरा: छायाचित्राला लिनोकटचे रूप देताना

छायाचित्राला लिनोकटसारखे, म्हणजे लिनोलियमचा ठोकळा कोरून आणि त्याला शाई लावून कागदावर छापलेल्या चित्रासारखे, रूप देण्याची सोय आज बहुतेक चित्रसंपादन प्रोग्रॅममध्ये एका बटणावर मिळते, पण त्या बटणातून निघालेले चित्र पाहिले की काहीतरी बिनसले आहे हे मुद्राचित्रण न शिकलेल्या माणसालाही जाणवते. रंग सपाट झालेले असतात, वर खरखरीत पोत टाकलेला असतो, कडा काळ्या झालेल्या असतात, तरीही ते छायाचित्रच वाटत राहते. याचे कारण असे की फिल्टर ठशाची वरवरची लक्षणे घेतो आणि ती ज्या अडचणींतून निर्माण झाली त्या अडचणी मात्र सोडून देतो. लिनोकटचे किंवा लाकडी फळी कोरून छापलेल्या वुडकटचे रूप हे कोरण्याच्या अडचणींतून आलेले आहे, त्यामुळे संगणकावर ते आणायचे असेल तर त्याच अडचणी आपण स्वतःवर लादून घ्याव्या लागतात. या लेखात एकाच छायाचित्रावर ही प्रक्रिया शेवटपर्यंत करून पाहू. मी उदाहरणासाठी GIMP हा मोफत प्रोग्रॅम घेतला आहे, पण थर, मास्क आणि ब्लेंड मोड असलेल्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये हीच रीत चालते.

या अडचणी मुख्यतः तीन आहेत. पहिली अशी की ठोकळ्याच्या कोणत्याही बिंदूला दोनच अवस्था असतात. जो भाग शिल्लक राहिला त्याला रोलरवरची शाई लागते आणि जो कोरून काढला त्याला ती लागत नाही. अर्धवट राखाडी असे तिथे काही नसते. दुसरी अडचण हत्याराची आहे. कोरणीच्या टोकाला काही रुंदी असते, आणि त्या रुंदीपेक्षा बारीक तपशील कोरताच येत नाही. तिसरी अडचण थरांची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक नकला इथेच उघड्या पडतात.

अनेक रंगांचा लिनोकट करण्याच्या पद्धतींपैकी एकीला रिडक्शन पद्धत म्हणतात. तीत सगळ्या रंगांसाठी एकच ठोकळा वापरतात. आधी जिथे कोरा कागद दिसायला हवा तेवढाच भाग कोरून सर्वांत फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ठोकळा आणखी कोरून त्यावर मधला रंग छापायचा, आणि पुन्हा कोरून शेवटचा गडद रंग. ठोकळा प्रत्येक टप्प्यावर कमी होत जातो, त्यामुळे आधीच्या टप्प्याकडे परतता येत नाही आणि नंतर जास्त प्रतीही काढता येत नाहीत. पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये इदाल्गो आर्नेरा या मुद्रकाबरोबर काम करताना ही पद्धत हाताळली आणि ती जगभर माहीत झाली. आपल्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा परिणाम असा की गडद आकार नेहमी मधल्या आकाराच्या आत असतो आणि मधला आकार फिक्याच्या आत. एकदा कोरलेली जागा पुढच्या कोणत्याही थरात शाई घेऊ शकत नाही. डोळ्याला हा नियम सांगता येत नाही, पण तो मोडला की खटकतो.

आता छायाचित्र निवडू. समजा, एका वृद्ध बाईंचा खिडकीजवळ काढलेला चेहरा आहे. उजेड डावीकडून येतो आहे, मागची भिंत अंधारात आहे, अंगावरचे वस्त्र गडद आहे आणि केस पांढरट आहेत. हे छायाचित्र या कामाला योग्य आहे, कारण उजेड आणि सावली यांच्या सीमारेषेनेच नाक, गाल आणि कपाळ यांचा आकार सांगितला आहे. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रात ही सीमा नसते. तिथे चेहरा एकसारखा उजळ असतो, आणि असा चेहरा दोन-तीन छटांत विभागला की पांढऱ्या अंड्यावर दोन डोळे आणि एक ओठ एवढेच शिल्लक राहते. चुकीचे छायाचित्र घेऊन पुढच्या पायऱ्यांवर कितीही कष्ट केले तरी ही उणीव भरून निघत नाही.

आकारमान सुरुवातीलाच ठरवावे. आपण ८ गुणिले १० इंचांचा ठसा कल्पू आणि दर इंचाला ३०० पिक्सेल धरू, म्हणजे चित्र २४०० गुणिले ३००० पिक्सेलचे होईल. या हिशेबात एक मिलिमीटर म्हणजे जवळपास १२ पिक्सेल होतात. लहान, व्ही आकाराच्या कोरणीची सहज जाणारी रेघ साधारण एक मिलिमीटरची धरली, तर आपल्या चित्रात १२ पिक्सेलपेक्षा बारीक अशी कोणतीही रेघ किंवा ठिपका असता कामा नये. कसलेला कारागीर याहून बारीक कोरतो हे खरे, पण आपल्याला ठसठशीत आकार हवे आहेत, तेव्हा ही मर्यादा मुद्दाम कडक ठेवलेली बरी. पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी हा १२ चा आकडा उपयोगी पडेल.

आधी चित्र कृष्णधवल करायचे. `Colors` मेनूतील `Desaturate` वापरून `Luminance` निवडले तरी चालते, पण चेहऱ्याच्या बाबतीत एक पर्याय लक्षात ठेवावा. रंगीत छायाचित्राचा फक्त लाल चॅनेल घेतला तर त्वचा उजळ आणि नितळ दिसते, आणि निळा चॅनेल घेतला तर सुरकुत्या, डाग आणि पोत उठून येतात. वृद्ध चेहऱ्यासाठी निळ्याचा मोह होतो, परंतु त्यातला पोत इतका बारीक असतो की पुढच्याच पायरीत तो एकतर नाहीसा होतो किंवा चुरा होऊन पसरतो. सुरकुत्या आपण नंतर हाताने कोरणार आहोत, म्हणून इथे `Luminance` किंवा लाल चॅनेलच घ्यावा.

यानंतरची पायरी म्हणजे कोरणीपेक्षा बारीक तपशील पुसून टाकणे. यासाठी नेहमीचा `Gaussian Blur` घेतला तर सगळ्याच कडा मऊ होतात. त्याऐवजी `Median Blur` घ्यावा. तो प्रत्येक बिंदूच्या आसपासच्या सगळ्या मूल्यांतील मधले मूल्य उचलतो, त्यामुळे मोठ्या आकारांच्या कडा जागच्या जागी राहतात आणि बारीक रेघा पूर्ण गळून जातात. त्याची त्रिज्या जितके पिक्सेल असेल, साधारण तितक्या रुंदीपर्यंतच्या रेघा नाहीशा होतात, म्हणून आपल्या चित्रासाठी १० ते १२ त्रिज्या पुरे. याची किंमतही आहे. बुबुळातला प्रकाशाचा ठिपका, पापण्यांची कड आणि ओठांमधली रेघ या तिन्ही गोष्टी त्यात जाऊ शकतात. त्या जाऊ द्याव्यात. चेहरा ओळखू येण्यासाठी ज्या हव्यात त्या नंतर कोरणीच्या मापाने, म्हणजे खऱ्याहून थोड्या मोठ्या करून, परत घालायच्या आहेत.

आता छटा वेगळ्या करायच्या. अनेकजण इथे `Posterize` वापरतात. ते मूल्यांचा पट्टा समान भागांत कापते, मग त्या भागात चित्रातले काही महत्त्वाचे असो वा नसो. आपल्या चित्रात मात्र चेहरा, केस, भिंत आणि वस्त्र यांची मूल्ये समान अंतरावर नाहीत. ० म्हणजे काळे आणि २५५ म्हणजे पांढरे धरून बिंदू तपासले, तर उजेडातले कपाळ आणि गालाचे हाड २०० च्या वर आहे, गालाचा उतार १४० च्या आसपास, सावलीतला गाल ६५ ते ८०, मागची भिंत ४५ आणि वस्त्र त्याहूनही खाली. म्हणजे सीमा कुठे टाकायच्या हे चित्रानेच सांगितले आहे: १७५, ११० आणि ६०. `Threshold` या आज्ञेने कृष्णधवल चित्राच्या तीन प्रतींवर या तीन सीमा लावल्या की प्रत्येक प्रतीत सीमेखालचे सगळे काळे आणि वरचे पांढरे होते. १७५ च्या प्रतीतले काळे म्हणजे फिका थर, ११० चे म्हणजे मधला आणि ६० चे म्हणजे गडद. तिन्ही एकाच कृष्णधवल चित्रातून आल्याने गडद आकार मधल्यात आणि मधला फिक्यात आपोआप बसतो, आणि रिडक्शनचा नियम इथपर्यंत तरी फुकटात पाळला जातो.

आकड्यांवर विसंबून राहू नये. सीमा सरकवताना एका वेळी एकच प्रश्न विचारावा: या आकाराने काय सांगितले? १७५ ऐवजी १९० घेतले तर कपाळावरचा उजेड लहान होतो आणि चेहरा मलूल दिसतो. १५० घेतले तर नाकाचा कणा आणि गाल एक होऊन नाक नाहीसे होते. चारही छटांचे क्षेत्र सारखे होऊ नये असेही मला वाटते. आपल्या चित्रात भिंत आणि वस्त्र मिळून गडद रंगच जवळजवळ निम्मी जागा घेतो आणि कोरा कागद थोडाच उरतो, म्हणून तो उजेड डोळ्यांत भरतो. चारही छटा सारख्या पसरल्या की चित्र नकाशासारखे वाटू लागते.

इथे आणखी एका लोकप्रिय उपायाबद्दल सावध करतो. काही प्रोग्रॅममध्ये स्थानिक सीमा ठरवणारा थ्रेशोल्ड असतो, जो प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या आसपासच्या भागाशी करतो. त्याने सगळीकडचा तपशील दिसतो खरा, पण मोठ्या सावल्या पोकळ होतात आणि फक्त कडांच्या काळ्या रेघा उरतात. हे रूप जुन्या झेरॉक्स प्रतीचे आहे, कोरलेल्या ठोकळ्याचे नव्हे. एखादा भाग चुकीच्या थरात जात असेल तर थ्रेशोल्डच्या आधीच्या चित्रावर `Dodge/Burn` हे साधन मोठ्या, मऊ ब्रशने फिरवून तो भाग उजळ किंवा गडद करावा. जुन्या काळापासून ठसा करणारे हेच निर्णय हाताने घेत आले आहेत. उगो दा कार्पी या इटालियन मुद्राचित्रकाराने १५१६ मध्ये वेनिसच्या शासनाकडे आपल्या छायाप्रकाशाच्या वुडकट पद्धतीसाठी संरक्षण मागितले, आणि त्या इटालियन पद्धतीत बाह्यरेषा जवळपास टाळून प्रत्येक छटेसाठी वेगळा ठोकळा, आणि आकार केवळ छटांच्या सीमेतून, अशी मांडणी विकसित झाली. आपण जे करतो आहोत त्याचा पूर्वज तोच आहे.

आपल्या चित्रात एक अडचण मुद्दाम सोडवण्यासारखी आहे. सावलीच्या बाजूचा जबडा आणि मान यांची मूल्ये ५० च्या आसपास आहेत, म्हणजे ती मागच्या भिंतीबरोबर गडद थरात जातात आणि चेहऱ्याची उजवी कड हरवते. फिल्टर वापरणारा इथे लगेच चेहऱ्याभोवती पांढरी रेघ ओढतो. मला वाटते, काही भाग हरवू द्यावा. माणसाचा डोळा डाव्या बाजूची स्पष्ट कड पाहून उजवी कड स्वतः पुरी करतो, आणि अंधारात विरलेला जबडा चेहऱ्याला वजन देतो. पण कान, जबडा आणि मान असे सगळेच हरवले तर डोके लोंबकळल्यासारखे दिसेल. म्हणून कानाखालचा जबड्याचा वरचा भाग थोडा उजळ करून मधल्या थरात आणावा आणि हनुवटीकडे तो पुन्हा अंधारात जाऊ द्यावा. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये केलेला, दांडीयात्रेतील गांधीजींचा लिनोकट ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या लक्षात येईल की काळ्या पार्श्वभूमीवर अगदी मोजक्या पांढऱ्या रेषांनी संपूर्ण माणूस उभा राहतो. सगळी कड सांगावी लागत नाही.

आता रचना करू. सर्वांत खाली कागदाचा थर ठेवावा, शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर, उदाहरणार्थ `#F3EBDB`. त्यावर तीन थर, प्रत्येक एकाच सपाट रंगाने भरलेला: खाली गेरूसारखा फिका, त्यावर करडा निळा, सर्वांत वर निळसर काळा. प्रत्येक थराला मास्क जोडायचा आणि त्या मास्कमध्ये थ्रेशोल्डची संबंधित प्रत `Invert` करून टाकायची. मास्कमध्ये पांढरे म्हणजे दिसणारे आणि काळे म्हणजे लपलेले, म्हणून उलटल्यावर शाईची जागा पांढरी होते. इथून पुढे मास्क हाच आपला ठोकळा आहे. त्यावर काळा रंग लावणे म्हणजे कोरणे. रंगाला हात न लावता आकार बदलता येतो आणि आकाराला हात न लावता रंग, ही या रचनेची सोय आहे.

वरच्या दोन थरांचा ब्लेंड मोड `Multiply` ठेवला तर शाई पारदर्शक असल्याप्रमाणे खालच्या रंगात मिसळते; गेरूवर करडा निळा आला की काळपट हिरवट छटा तयार होते. खऱ्या छपाईतही शाईत पारदर्शक माध्यम मिसळले की असेच होते, आणि न मिसळता दाट शाई लावली तर ती खालचा रंग झाकते, त्या वेळी `Normal` मोड योग्य. पारदर्शक शाई निवडली असेल तर मधला रंग कागदावर कसा दिसतो याला काहीच अर्थ नाही, कारण या पद्धतीत तो कागदावर थेट कधीच पडत नाही. तो नेहमी गेरूवरच पाहून ठरवावा. नवशिके रंगपेटीत सुंदर दिसणारे तीन रंग निवडतात आणि चिखल होतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आतापर्यंतच्या चित्राकडे पाहिले तर ते स्वच्छ दिसेल, पण कोरलेले दिसणार नाही. कडा मेण वितळल्यासारख्या गोलसर आहेत, कारण मीडियनने कोपरे झिजवले आहेत. कोरणीची रेघ अशी नसते. ती टोकदार सुरू होते, हत्यार आत शिरते तशी रुंद होते आणि बाहेर निघताना पुन्हा निमुळती होते. म्हणून हाताने कोरण्याची पायरी टाळता येत नाही. `Free Select` या साधनाने बिंदूबिंदूंनी लांबट पानासारखा आकार निवडायचा आणि तो मास्कवर काळ्याने भरायचा. मधली रुंदी १२ ते २० पिक्सेल आणि लांबी ६० ते २५० पिक्सेल. दाब ओळखणारा पेन असेल तर ब्रशनेही हे जमते, मात्र ब्रशची कड कठीण असावी.

या रेघा कुठे घालायच्या हेच खरे कौशल्य आहे. त्या उजेडाकडून अंधाराकडे जाव्यात आणि शरीराच्या वळणाला धरून असाव्यात. सावलीतल्या गालावर त्या गालाच्या गोलाईने वळतात, कपाळावर आडव्या, मानेवर मानेभोवती, केसांत केस जातात त्या दिशेने. छटांच्या सीमेवर पाच-सहा रेघांची टोके गडद भागात घुसवली की तिथे राखाडी नसतानाही मधली छटा असल्यासारखे वाटते. सगळ्या रेघा एकाच दिशेने, समान अंतरावर घातल्या तर चेहरा सपाट होतो आणि कंगव्याने ओरबाडल्यासारखा दिसतो. सुरकुत्यांपैकी ज्या चेहऱ्याचा आकार सांगतात त्याच घ्याव्यात: डोळ्याच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन, नाकपुडीपासून ओठाच्या टोकाकडे उतरणारी एक आणि कपाळावरच्या दोन. उरलेल्या घालू नयेत. त्या घातल्या की चेहरा म्हातारा दिसण्याऐवजी मळलेला दिसतो.

कोरताना तिसरी अडचण पुन्हा समोर येते. गडद भागात एखादी रेघ फक्त वरच्या मास्कमध्ये कोरली तर तिथे मधला रंग दिसेल. मधल्या आणि गडद अशा दोन्हींत कोरली तर गेरू दिसेल. कोरा कागद दिसायला हवा असेल तर ती तिन्ही मास्कमध्ये त्याच जागी कोरली पाहिजे. खऱ्या कामात ती पहिल्याच टप्प्यावर कोरावी लागली असती. बुबुळातला प्रकाशाचा ठिपका हे याचे नेमके उदाहरण आहे: तो तिन्ही थरांतून आरपार हवा आणि १२ पिक्सेलपेक्षा लहान नको. याउलट डोळ्याचा पांढरा भाग कोरा कागद ठेवू नये. तो पापणीच्या सावलीत असतो, म्हणून गेरूत राहू द्यावा, नाहीतर नजर दचकलेली दिसते. दातांच्या बाबतीतही असेच. हसरा चेहरा असेल तर दात एकेक न काढता एकच आकार ठेवावा; मधल्या रेघा घातल्या की दात किडलेले वाटतात.

कोरलेल्या मोकळ्या जागेतही खऱ्या ठशात काही खुणा राहतात. कोरणीच्या दोन फेऱ्यांमध्ये उरलेल्या बारीक धारांना रोलर लागतो आणि त्या तुटक रेघांच्या रूपाने छापल्या जातात. त्या आकारांच्या कडेला, कोरण्याच्या दिशेने असतात, आणि त्या फक्त कोरलेल्या भागातच येऊ शकतात. आपल्या चित्रात गेरूच्या मास्कवर, उजळ केसांच्या बाहेरच्या बाजूला अशा सात-आठ तुटक रेघा पांढऱ्या रंगाने घालाव्यात. त्या ठिकाणी थोडी शाई उमटेल. कपाळावर घालू नयेत, कारण तो उजेड स्वच्छ राहिला तरच तो उजेड वाटतो. बारीकपणाचा नियम इथे सैल करता येतो, कारण ही धार कोरणीने काढलेली नसून तिच्याकडून राहून गेलेली आहे.

यानंतर शाईचा पोत. पातळ शाई किंवा कमी दाब असेल तर सपाट भागात कागदाचे बारीक ठिपके उघडे राहतात. ते आणण्यासाठी वेगळ्या राखाडी थरावर नॉइज टाकावा, तो एक-दोन पिक्सेलनी ब्लर करावा आणि थ्रेशोल्ड लावून अगदी तुरळक काळे ठिपके उरतील असे पाहावे. मग ते मास्कमध्ये मिसळावेत. प्रत्येक मास्कसाठी हा पोत नव्याने तयार करायचा. तोच पोत तिन्ही ठिकाणी वापरला, किंवा तयार चित्रावर वरून एकच खरखरीत थर टाकला, तर प्रत्येक ठिपक्यातून थेट कागद दिसतो आणि चित्र खरवडलेल्या स्टिकरसारखे वाटते. वेगवेगळे पोत असले की गडद शाईच्या ठिपक्यातून मधला रंग डोकावतो आणि मधल्याच्या ठिपक्यातून गेरू. नक्कल ओळखण्याची ही मला माहीत असलेली सर्वांत सोपी खूण आहे.

थर तंतोतंत जुळू नयेत, म्हणून मधला थर तीन-चार पिक्सेल एका बाजूला सरकवावा आणि गडद थर अगदी थोडा, एका अंशाच्या दहाव्या भागाइतका, फिरवावा. अर्धा मिलिमीटर म्हणजे सहा पिक्सेल. त्यापुढे गेले तर डोळे दुहेरी दिसू लागतात. सरकवताना पूर्ण थर मास्कसह सरकला पाहिजे, कारण ठोकळा सरकतो तो सगळाच सरकतो. आरपार कोरलेल्या बुबुळाच्या ठिपक्याच्या एका कडेला आता बारीकशी रंगीत कोर दिसेल. ती राहू द्यावी.

लिनोऐवजी वुडकट हवा असेल तर दोन गोष्टी बदलतात. लिनोलियमला तंतू नसतात, त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच जाते आणि वळणे सहज येतात. लाकडाच्या फळीत तंतूंना आडवे कोरताना ते फुटतात, म्हणून आकार जास्त कोनदार होतात. `Free Select` ने निवडताना कमी बिंदू घेऊन कडा सरळ तुकड्यांत ठेवल्या की हे साधते. दुसरे म्हणजे मोठ्या सपाट भागांत लाकडाच्या रेषा छापून येतात. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या चुंबनाच्या वुडकटमध्ये या रेषा चित्राचाच भाग झाल्या आहेत. फळीचे छायाचित्र घेऊन, त्यावर थ्रेशोल्ड लावून ते गडद थराच्या मास्कमध्ये हलकेच मिसळावे. सगळ्या रेषा संपूर्ण चित्रभर एकाच दिशेने जायला हव्यात, कारण फळी एक आहे; चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे लाकडाच्या रेषा वळवल्या की सगळा बनाव उघडा पडतो. दोन्ही मिसळूही नयेत: लिनोच्या मऊ वळणांवर लाकडाच्या रेषा, हे फिल्टरवाल्यांचे आवडते मिश्रण आहे.

काम तपासण्यासाठी तीन वेळा पाहावे. आधी चित्र अगदी लहान करून. चेहरा आणि उजेडाची दिशा तेवढ्यात कळली नाही तर छटांच्या सीमा चुकल्या आहेत, आणि पोताने ती चूक झाकली जाणार नाही. मग फक्त गडद थर चालू ठेवून. तो एकटाही चेहरा म्हणून ओळखू यायला हवा. शेवटी पूर्ण मोठे करून, सुटी बेटे शोधण्यासाठी. कोरणीच्या मापापेक्षा लहान असा पांढरा किंवा गडद ठिपका, जो शाईच्या पोताचा नाही, तो पुसून टाकावा. नाकाखाली आणि केसांच्या कडेला असे कण हमखास सापडतात.

चित्र पडद्यावर दाखवण्यासाठी लहान करायचे असेल तर पोत आणि थरांचे सरकणे या दोन पायऱ्या लहान केल्यानंतर कराव्यात. २४०० पिक्सेलचे चित्र ८०० वर आणले की दोन-तीन पिक्सेलचे ठिपके एकमेकांत विरून राखाडी धुरकटपणा होतो, आणि ज्या राखाडीला आपण सुरुवातीला बाहेर काढले तीच मागच्या दाराने परत येते. म्हणून आकार कोरून झाल्यावर, पोत घालण्याआधी, फाइलची एक स्वच्छ प्रत वेगळी ठेवावी आणि छापील मापासाठी व पडद्याच्या मापासाठी पोत स्वतंत्रपणे घालावा. साठवताना पीएनजी प्रकार घ्यावा, कारण जेपीजीमध्ये सपाट रंगांच्या कडांभोवती पुसट ठिपक्यांची झालर तयार होते.